नेरूळच्या अलीकडे, नेरूळच्या पलीकडे

एका विद्यार्थ्याला ३० टक्के गुण मिळाले आणि तो १५ गुणांनी नापास झाला. दुसऱ्याला ४० टक्के मिळाले आणि त्याचे गुण पास होण्यासाठी लागणाऱ्या गुणांपेक्षा ३५ने जास्त भरले. तर ती परीक्षा एकूण किती गुणांची होती?

हे गणित तुम्ही पाहिलेलं आहे. पोलीस भरतीच्या पुस्तकात, बँकेच्या, तलाठ्याच्या, रेल्वेच्या. आकडे बदलतात, विद्यार्थी कधी राम-श्याम असतात, कधी नुसतेच अ आणि ब. मी कोपरखैरण्यातल्या एका अभ्यासिकेत रविवारी अंकगणित शिकवतो. इतर दिवशी महापेला ऑफिस असतं. समोर बसलेल्यांत कोणी रात्री पार्सलं पोचवतो, कोणी मॉलमध्ये दिवसभर उभं राहून येते. बहुतेकांचं लक्ष्य पोलीस शिपाई. लेखी परीक्षा १०० गुणांची, वेळ दीड तास. १०० प्रश्न धरले तर एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात. त्यातले वीस-पंचवीस सेकंद वर दिलेलं गणित नुसतं वाचण्यात जातात.

बहुतेक जण वाचून झालं की लगेच ‘एकूण गुण क्ष मानू’ असं लिहितात. चूक नाही, पण क्ष मांडून समीकरण सोडवेपर्यंत वेळ संपलेला असतो. मी त्यांना क्ष ठेवून द्यायला सांगतो आणि फळ्यावर हार्बर लाइन काढतो. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स. वाशी म्हणजे शून्य गुण. नेरूळ म्हणजे पासची रेष. पहिला पोरगा जुईनगरलाच उतरला, नेरूळला पोचायला त्याला १५ गुण कमी पडले. दुसरा झोपला आणि सीवूड्सला उतरला, नेरूळच्या ३५ गुण पुढे. आता जुईनगर ते सीवूड्स अंतर किती?

हा प्रश्न विचारला की वर्गातला सगळ्यात गप्प मुलगाही ‘पन्नास’ म्हणतो. नेरूळपर्यंतचे १५ आणि नेरूळनंतरचे ३५.

आणि टक्क्यांत तेच अंतर किती? ४० वजा ३०, म्हणजे १० टक्के. १० टक्के म्हणजे ५० गुण, तर १०० टक्के म्हणजे ५०० गुण. पासची रेष हवी असेल तर ५०० चे ३० टक्के १५०, त्यात कमी पडलेले १५ मिळवा, १६५. दुसऱ्या बाजूने येऊन बघा: ५०० चे ४० टक्के २००, त्यातून जास्तीचे ३५ काढा, पुन्हा १६५. नेरूळ दोन्ही दिशांनी एकाच जागी सापडलं पाहिजे. सापडलं नाही, तर उत्तर चुकलं. पडताळ्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

हा पडताळा पर्याय बघतानाही कामाला येतो. अशा प्रश्नाखाली २०० हा पर्याय बरेचदा असतो. का? कारण घाईत मुलं ३५ मधून १५ वजा करतात. २० गुण म्हणजे १० टक्के, म्हणून एकूण २००. प्रश्न काढणाऱ्याला ही घाई ठाऊक असते. पण २०० धरून नेरूळ शोधा. पहिल्याकडून ६० अधिक १५, म्हणजे ७५. दुसऱ्याकडून ८० वजा ३५, म्हणजे ४५. एकाच परीक्षेची पासची रेष दोन ठिकाणी! असं नसतं.

वजाबाकी कधी करायची, हेही लाइनवरच कळतं. दोघेही नापास झाले असतील तर दोघेही नेरूळच्या अलीकडे आहेत. समजा एकाला २५ टक्के आणि तो ४० गुणांनी नापास, दुसऱ्याला ३१ टक्के आणि तो १० गुणांनी नापास. एक सानपाड्याला उतरला, एक जुईनगरला. दोघांमधलं अंतर ४० वजा १०, म्हणजे ३० गुण. टक्क्यांत ६. मग १ टक्का ५ गुणांचा आणि परीक्षा पुन्हा ५०० चीच. इथे कोणी सवयीने बेरीज केली तर ६ टक्के म्हणजे ५० गुण, आणि एकूण गुण येतात ८३३ आणि वर एक तृतीयांश. अर्धवट गुणांची परीक्षा कोणी घेत नाही. असा आकडा दिसला की खोडरबर घ्यावं आणि दोघे नेरूळच्या एकाच बाजूला होते का, ते बघावं.

मला स्वतःला या गणितातला आणखी एक भाग जास्त आवडतो. परीक्षेत तो फारसा विचारत नाहीत. पासची टक्केवारी काढायला एकूण गुण लागतच नाहीत. ३० आणि ४० यांच्या मध्ये दहा पायऱ्या आहेत. कमी पडले १५, जास्त झाले ३५, म्हणजे ३ ला ७. दहा पायऱ्यांपैकी खालून तीन चढा, ३३ टक्के. झालं. १६५ भागिले ५०० करून बघा, तेच येतं.

आता एकूण गुणांबद्दल. पुस्तकात ते लपवलेले असतात आणि शोधायला लावतात. बाहेर ते सगळ्यांना माहीत असतात असं आपण धरून चालतो. वाशीला राज्य मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय आहे. दहावीच्या निकालानंतर घराघरांत होणारा एक वाद त्या मंडळाच्या गुणपत्रिकेवरूनच होतो. दहावीला सहा विषय, प्रत्येकी १००. २०१० पासून टक्के काढताना सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतात, त्याला सगळे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतात. समजा एका मुलीला ७१, ६८, ६२, ५८, ५५ आणि ४० मिळाले. सहा विषयांची बेरीज ३५४, सहाशेपैकी ५९ टक्के. शेवटचे ४० वगळले की ३१४, पाचशेपैकी ६२.८ टक्के. बाप म्हणतो, आमच्या वेळी असं नव्हतं. मुलगी म्हणते, मला फर्स्ट क्लास आहे. दोघांचंही बरोबर आहे, फक्त भागाकाराच्या खालचा आकडा वेगळा आहे. टक्के सांगताना तो आकडा कोणी उच्चारत नाही. आणि गंमत अशी की ते ४० वगळले तरी सोडून देता येत नाहीत. पास व्हायला त्या विषयाचे गुणही धरले जातातच.

अंकगणिताच्या पुस्तकांचा एक दोष मात्र मला खटकतो. त्यांतली रेष एकच असते आणि आधीपासून आखलेली असते. पोलीस भरतीत तशी एक रेष आहे. लेखीत किमान ४० टक्के, मैदानीत ५० पैकी किमान निम्मे. पण ती ओलांडून कोणी वर्दी घालत नाही. खरी रेष सगळ्यांचे गुण लागल्यावर पडते, जागा किती आणि पुढे किती जण, त्यावरून. तिला पोरं ‘मेरिट’ म्हणतात, आणि तिच्याबद्दलची माहिती बहुतेक वेळा चहाच्या टपरीवर मिळते.

गेल्या खेपेच्या निकालानंतरची गोष्ट. वर्गातली एक मुलगी वही घेऊन आली. मैदानी ४०, लेखी ६२, दीडशेपैकी १०२. म्हणाली, “सर, मी चार मार्कांनी गेले.” त्याच घटकात फॉर्म भरलेल्या मैत्रिणीचं नाव यादीत लागलं होतं. तिला ७२ टक्के होते आणि ती म्हणत होती की आपण दोन गुणांनी वर आहोत. तिसरी एक ओळखीची होती. तिला ७० टक्के, आणि ती ‘पाच गुण जास्त’ असं सांगत होती. वर्गातल्या मुलीचा प्रश्न साधा होता: यातलं खरं काय? पुढच्या भरतीचा फॉर्म भरायचा की नाही, हे ती त्यावर ठरवणार होती. घरात लग्नाचं बघायला सुरुवात झाली होती.

मी काही बोललो नाही, तिलाच लाइन काढायला सांगितली. तिचे १०२ म्हणजे दीडशेपैकी ६८ टक्के. मैत्रिणीचे ७२ टक्के. फरक ४ टक्के. गुणांत फरक ४ अधिक २, म्हणजे ६. मग १०० टक्के म्हणजे १५०. परीक्षा खरोखर १५० चीच आहे, म्हणजे या दोघींची माहिती एकमेकींशी जुळते. रेष १०६ वर. ती हरखली, पुस्तकातलं गणित पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या आकड्यांवर बसलं होतं.

मग तिसरी. ७० टक्के म्हणजे १०५. त्यातून जास्तीचे ५ काढले तर रेष १०० वर येते. इथे १०६, तिथे १००. “ती खोटं बोलते,” मुलगी म्हणाली.

तसं असेलच असं नाही. आपल्या गणितात एक अट न सांगता धरलेली असते: दोघांनी एकच परीक्षा दिली आणि दोघांना एकच रेष लागू आहे. भरतीत परीक्षा एकच असते, रेषा अनेक. प्रत्येक प्रवर्गाची वेगळी, आणि त्यात पुन्हा समांतर आरक्षणाच्या वेगळ्या: महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त. प्रकल्पग्रस्त हा शब्द नवी मुंबईत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सिडकोने शहर वसवलं ते ज्या गावांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर, त्यांतल्या घरांमध्ये तो दाखला जपून ठेवलेला असतो. तिसऱ्या मुलीचा अर्ज त्याच जागांसाठी होता, हे दुसऱ्या दिवशी फोन केल्यावर कळलं. तिचं नेरूळ वेगळं होतं, एवढंच.

त्यामुळे अशा ऐकीव आकड्यांना जोडी लावताना आधी प्रवर्ग विचारावा. दोन आकडे जुळवून बघावेत, आणि एकूण गुण दीडशेच्या आसपासही आले नाहीत तर दोघांपैकी एकाची रेष वेगळी आहे किंवा एकाचा आकडा फुगवलेला आहे. दोन्ही प्रकार मी पाहिलेत. फुगवलेला आकडा बहुधा ‘किती गुणांनी गेलो’ यात असतो. तिथे सगळेच एक-दोन मार्कांनी गेलेले असतात.

मुलीने १०६ भोवती गोल केला. पुढच्या वेळी रेष तिथेच राहणार नाही, हे तिला माहीत होतं. तरी चार गुण कुठून आणायचे ते ती शोधू लागली. मैदानीतले ४० तिने पुन्हा पुन्हा पाहिले. गोळाफेक तिला जमत नव्हती, आणि ८०० मीटरमध्ये आणखी वेळ कमी होईल असं तिला वाटत नव्हतं. मग लेखीची उत्तरतालिका काढली. अंकगणितातले सात प्रश्न तिने सोडवून चुकवले नव्हते, वेळ संपला म्हणून अंदाजाने गोल रंगवले होते. त्यातला एक टक्केवारीचा होता, दोघेही नापास होणारा. तो तिने तिथेच बसून सोडवला, मोबाइलवर वेळ लावून. एकतीस सेकंद.