वेग डगमगतो की मोजणी?

मोटरचा वेग सांभाळणाऱ्या छोट्या कंट्रोलरांबरोबर काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. कंट्रोल टास्क कधी वेळेवर तर कधी किंचित उशिरा सुरू झाला, की लूपचं जे नुकसान होतं ते बहुतेक वेळा उशिराचं नसतं. मोजणी खोटी पडल्याचं असतं. दोन्हींचं मूळ शेड्यूलिंगमधल्या त्याच अनियमिततेत, म्हणजे जिटरमध्ये असतं. म्हणून आपण दोन्हींवर एकच औषध शोधतो आणि तिथेच फसतो. मोजमापाच्या क्षणातला जिटर आणि आउटपुट बाहेर पडण्याच्या क्षणातला जिटर यांची किंमत लूपला वेगवेगळी मोजावी लागते, एवढंच मला इथे आकड्यांनिशी दाखवायचं आहे.

उदाहरणासाठी एका फेऱ्याला २००० काउंट देणारा एन्कोडर घेऊ. मोटर मिनिटाला ३००० फेरे अगदी स्थिर वेगाने फिरते आहे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे आणि दर मिलिसेकंदाला १०० काउंट. टास्क दर मिलिसेकंदाला काउंटर वाचतो, मागचं वाचन वजा करतो आणि १ मिलिसेकंद गेला असं धरून वेग काढतो. आता एक वाचन ०.१ मिलिसेकंद उशिरा झालं. त्या खेपेला ११० काउंट मिळतात, म्हणजे वेग ३३०० दिसतो. पुढचं वाचन वेळेवर झालं, तर मधलं अंतर ०.९ मिलिसेकंदच उरतं; ९० काउंट येतात आणि वेग २७०० दिसतो. मोटर तसूभरही बदललेली नसते, पण लूपला ती सहाशे फेऱ्यांनी डगमगताना दिसते. या एन्कोडरवर एका काउंटची चूक ३० फेऱ्यांची असते. शेड्यूलरने तिच्या दसपट चूक सहज घडवली.

असा उशीर होतो कसा, हेही पाहायला हवं, कारण ‘टास्कला सर्वांत वरची प्रायॉरिटी दिली आहे’ हे उत्तर मी फार ऐकतो. फ्रीआरटीओएसवर टास्कची नेहमीची मांडणी अशी असते:

```c
TickType_t last = xTaskGetTickCount();
for (;;) {
    vTaskDelayUntil(&last, pdMS_TO_TICKS(1));
    pos = TIM3->CNT;
    control(pos);
}
```

साध्या `vTaskDelay` ऐवजी `vTaskDelayUntil` वापरल्याने उशीर साचत जात नाही, हे खरं. पण एखादा खालच्या प्रायॉरिटीचा टास्क दर १० मिलिसेकंदांनी टेलिमेट्रीचा डेटा कॉपी करत असेल आणि त्या कॉपीसाठी त्याने `taskENTER_CRITICAL()` लावलं असेल, तर तेवढा वेळ टिकचा इंटरप्टसुद्धा थांबतो. कॉपी नेमकी टिकच्या वेळेवर आली, की वरच्या प्रायॉरिटीचा टास्कही मुकाट्याने वाट पाहतो. प्रत्येक डेडलाइन पाळली जात असतानाही हे घडतं. लिऊ आणि लेलँड यांच्या १९७३ च्या प्रसिद्ध विश्लेषणातली हमी इतकीच आहे, की काम पुढची पाळी येण्याआधी पुरं होईल. पाळीच्या आत ते कोणत्या क्षणी सुरू होईल, याबद्दल तिथे काही वचन नाही. वेगवान प्रोसेसर घेतला तर कॉपी लवकर आटोपेल, पण अडवणूक तशीच राहील.

ही डगमग मोजणीतली आहे की खरी, हे ओळखता येतं. वेग ३००० वरून १००० वर आणा. दोष एन्कोडरच्या काउंटचा असेल, तर डगमग त्याच ३० फेऱ्यांची राहील. दोष वाकड्या कपलिंगचा असेल, तर तिची वारंवारता शाफ्टबरोबर ५० वरून सुमारे १७ हर्ट्झवर येईल. जिटरची खूण वेगळीच असते: डगमग वेगाच्या प्रमाणात घटून साधारण एक तृतीयांश होते, पण टेलिमेट्रीचा १०० हर्ट्झचा ताल सोडत नाही. टास्कच्या सुरुवातीला एक पिन उंचावून ऑसिलोस्कोपवर तिच्या कडा एकावर एक साठू दिल्या, तर उशीर डोळ्यांनी दिसतो. मात्र सरासरी अंतर पाहू नये; ते १ मिलिसेकंदच येणार. पाहायचं ते सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अंतर.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की ३३०० आणि २७०० एकमेकांना खोडतात, मग बिघडतं काय? इंटिग्रलपुरतं हे बरोबर आहे. पण प्रपोर्शनल भाग दर फेऱ्यामागे ०.०१ अँपिअर देत असेल, तर करंटची मागणी आधी ३ अँपिअरने खाली आणि मग ३ अँपिअरने वर जाते. मोटर ४ अँपिअरवर चालू असेल आणि मर्यादा ५ ची असेल, तर खाली ३ आणि वर फक्त १ मिळतो. खोडणं अपुरं राहतं, आणि ती तूट भरायला इंटिग्रल फुगतो. उपाय म्हणून कोणी वेगावर १०० हर्ट्झचा साधा फिल्टर बसवतो. खुणा पुसट होतात. पण लूपचा क्रॉसओव्हर ५० हर्ट्झवर असेल, तर तिथे हा फिल्टर सुमारे २७ अंशांचा फेज खातो. उलट ०.१ मिलिसेकंदाच्या उशिराची फेजमधली किंमत ३६० × ५० × ०.०००१, म्हणजे जेमतेम १.८ अंश. रोगापेक्षा औषध पंधरापट महाग पडलं. गेलेला खरा वेळ मोजून त्याने भागावं, ही सूचना मला अधिक पटते; ११० भागिले १.१ केलं की १०० परत मिळतात. अट एवढीच, की वेळ आणि काउंट एकाच क्षणी वाचले गेले पाहिजेत. दोन वाचनांच्या मध्ये इंटरप्ट शिरला, की चूक पुन्हा आत येते. आणि वेळ टिकमध्ये मोजला तर काहीच हाती लागत नाही, कारण टिकच १ मिलिसेकंदाचा आहे.

म्हणून माझा कल वाचनाचं काम सॉफ्टवेअरकडून काढून घेण्याकडे असतो. टायमरने दर मिलिसेकंदाला डीएमएला इशारा द्यावा आणि डीएमएने एन्कोडरचा काउंट मेमरीत ठेवावा. मग टास्क ०.१ मिलिसेकंद उशिरा जागा झाला तरी नमुना ठरल्या क्षणाचाच राहतो. आउटपुटही असंच पुढच्या टिकपर्यंत रोखून धरण्याचा आग्रह मात्र मी इथे धरणार नाही. त्याने उशीर कायम एक मिलिसेकंदाचा होईल आणि १.८ अंशांची अनिश्चितता घालवण्यासाठी १८ अंश द्यावे लागतील. क्रॉसओव्हर २०० हर्ट्झला नेला, तर त्याच ०.१ मिलिसेकंदाचे ७.२ अंश होतात. तेव्हा पाळीच लहान करून आउटपुटचा क्षणही पक्का करणं परवडतं. २० किलोहर्ट्झच्या करंट लूपमध्ये पाळी ५० मायक्रोसेकंदांची असते, तिथे टास्कवर विसंबण्याचा प्रश्नच उरत नाही. पीडब्ल्यूएमच्या टायमरनेच एडीसीला चालना द्यावी. दुसऱ्या टोकाला, सेकंदातून एकदा तापमान पाहणाऱ्या भट्टीला हा जिटर जाणवतही नाही. डिझाइन तपासताना ‘जिटर किती?’ हा प्रश्न म्हणूनच मी दोन भागांत विचारतो: नमुन्याच्या क्षणात किती, आणि आउटपुटच्या क्षणात किती. पहिल्याला मोजल्या जाणाऱ्या राशीच्या बदलाच्या दराने गुणायचं, दुसऱ्याला क्रॉसओव्हरने. जो गुणाकार मोठा येईल, खर्च तिथे करायचा.