पॅन, पेन, पिन

आमची भाची नर्स आहे, न्यूझीलंडला जायचं म्हणतेय. त्यासाठी आयईएल्टीएस द्यावी लागते. बाकी सगळं ठीक झालं, पण लिसनिंगमध्ये साडेसहा बँडवर अडकली. हवेत सात, म्हणजे ४० पैकी साधारण ३० उत्तरं बरोबर यायला हवीत. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, "पुन्हा सांगा" म्हणायची सोय नाही. "मावशी, ते लोक बोलतात काय तेच कळत नाही गं!" इति भाची.

मी काही क्लासवाली नव्हे. पण कान हा माझा जुना छंद, त्यामुळे तिच्या सराव परीक्षा घेऊन बसले. एका संग्रहालयाच्या नकाशाचा प्रश्न होता, आणि माहिती सांगणारी बाई न्यूझीलंडची. बाई म्हणाली 'लेफ्ट', भाचीने ऐकलं 'लिफ्ट', आणि नकाशात लिफ्टही होती! बिचारी लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली आणि पुढची दोन उत्तरंही तिथूनच चुकली.

आता गंमत पाहा. ही चूक आपल्या लिपीत लिहिली की लगेच उलगडते. न्यूझीलंडच्या बोलीत 'पॅन' आपल्याला 'पेन'सारखं ऐकू येतं, 'पेन' हे 'पिन'सारखं आणि 'पिन' जवळजवळ 'पन'सारखं. लोकलच्या बाकावर चौथा येऊन "जरा सरका" म्हणतो आणि सगळे एकेक वीत सरकतात ना, तसे हे स्वर सरकलेत. ॲ सरकला ए-च्या जागी, ए सरकला इ-कडे, आणि कडेचा इ बिचारा बाकावरून ढकलला जाऊन मधल्या अ-पाशी लटकला. म्हणून तिकडचं 'सिक्स' आपल्याला 'सक्स' वाटतं आणि 'फिश' होतं 'फश'.

म्हणजे ती बाई बेताल बोलत नाही, तिचा हिशोब पक्का आहे. आणि यातून एक कामाची खूण मिळते. खरीखुरी लिफ्ट तिच्या तोंडून 'लफ्ट'च्या आसपास येणार. तेव्हा स्वच्छ 'लिफ्ट' ऐकू आलं तर समजायचं, डावीकडे वळा. एका शब्दावर अडून न राहता त्याचा शेजारी कसा ऐकू येतोय ते पाहायचं. ऑस्ट्रेलियनांचं बिऱ्हाड वेगळं. त्यांचा 'एट' हा 'आइट'कडे झुकतो. त्यामुळे नाव किंवा पत्ता अक्षरं सुटी करून सांगतात तेव्हा त्यांचं ए हे अक्षर आपल्याला आय वाटू शकतं. पहिल्या भागात नेमकं तेच विचारतात, आणि स्पेलिंग चुकलं की गुण गेला.

मग आम्ही रोज बारा-पंधरा मिनिटं ठरवली, त्याहून जास्त नाही, कारण ड्यूटीवरून आल्यावर तासभर ऐकलं की कान नुसता उघडा राहतो, आत काही जात नाही. तुकडा फक्त चाळीसेक सेकंदांचा, ज्याची संहिता हाताशी आहे असा. केंब्रिजच्या सराव पुस्तकांत ती मागे छापलेली असते. आधी न थांबवता एकदा ऐकायचं. मग तीन-चार सेकंदांनी थांबवत जे कानावर पडलं तेच देवनागरीत लिहायचं. इथे मन लबाडी करतं, ओळखीचा शब्द दुरुस्त करून लिहितं. तसं करायचं नाही, 'टिन' ऐकलं तर 'टिन'च लिहायचं, मग तो आकडा दहा का असेना. त्यानंतर संहिता उघडून फरकाच्या जागा लाल पेनने खुणावायच्या, आणि शेवटी तिच्या बरोबरीने तसंच बोलायचं. (हा भाग घरच्यांना फार आवडतो. भावजींनी परवा जेवताना मीठ मागितलं तेही न्यूझीलंडी थाटात :) ) दुसऱ्या दिवशी आधी कालचाच तुकडा, मग नवा.

लाल खुणांची छाननी महत्त्वाची. संहिता वाचल्यावर ओळ झटकन कळली, तर घोटाळा कानाचा. वाचूनही कळली नाही, तर तो शब्दांचा किंवा वाक्यरचनेचा, आणि त्यावर कितीही ऐकून उपयोग नाही, तिथे वाचनच हवं. भाचीच्या पहिल्या आठवड्याच्या खुणांपैकी निम्म्याहून कमी उच्चारांच्या निघाल्या. बऱ्याचशा जागी शब्द एकमेकांत मिसळून गेले होते, ज्याचा न्यूझीलंडशी काही संबंध नाही, लंडनचा माणूसही तेच करतो. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात आम्ही ब्रिटिश तुकडेही घेतले.

आणि हो, परीक्षेतली माणसं बऱ्यापैकी सावकाश आणि स्वच्छ बोलतात. तिथला एखादा शेतकरी रेडिओवर बोलतो तसं नाही. म्हणून आरएनझेडच्या मुलाखती आम्ही फक्त रविवारी ऐकतो, तिखट चटणीसारख्या, पानाच्या कडेला. त्यातलं निम्मं तिला अजून कळत नाही. मलाही नाही!