साठ टक्के आले कुठून?

भाची हिंजवडीच्या एका कंपनीत विक्रेत्यांची बिलं बघते. मार्चअखेरीस एका रविवारी ती आमच्या वारजे माळवाडीतल्या घरी लॅपटॉप घेऊन आली. सोमवारी सेल्फ अप्रेझल भरायचं होतं. मी अकाउंट्समध्ये आयुष्य काढलं, हाताखालच्या माणसांचे असे पुष्कळ फॉर्म वाचले, म्हणून तिला माझ्याकडून ते तपासून हवं होतं.

पहिलंच वाक्य होतं, ‘बिल मंजुरीचा वेळ ६० टक्क्यांनी कमी केला.’ मी विचारलं, “कशावरून?” तिने एक्सेल उघडलं. एप्रिल ते जून या तिमाहीत सरासरी १० दिवस लागत होते, जानेवारी ते मार्चमध्ये ४. गणित बरोबर होतं. पण मी तिला पहिल्या तिमाहीची यादी दिवसांच्या उतरत्या क्रमाने लावायला सांगितली, तेव्हा वरच वीस बिलं अशी निघाली की प्रत्येकाला ९० दिवसांच्या आसपास लागले होते. ती वादातली बिलं होती, माल कमी आला, दर जुळला नाही अशी. जुलैपासून कंपनीने अशा बिलांची यादीच वेगळी केली, म्हणून शेवटच्या तिमाहीच्या सरासरीत ती नव्हतीच. ती वीस काढल्यावर पहिल्या तिमाहीच्या ३८० बिलांची सरासरी जेमतेम सहा दिवस भरली. म्हणजे खरी सुधारणा सहावरून चारवर, एक तृतीयांश.

तिचा चेहरा उतरला. “मामा, ६० लिहिलं तर कोण बघणार आहे?”

बघतात. रेटिंग ठरवायला सगळे मॅनेजर एकत्र बसतात, तेव्हा तिच्या मॅनेजरला तिच्यासाठी दोन-चार मिनिटं मिळतात. तिथे फायनान्सच्या कुणी ‘वादातली बिलं कुठे गेली?’ एवढं विचारलं, की बाकीचे आकडेही संशयाने वाचले जातात. दुसऱ्या कुणाला त्याच फाइलमधून तोच आकडा काढता येत नसेल, तर तो फॉर्ममध्ये नसावा, असं माझं ठाम मत आहे.

मग मी विचारलं, “या दोन दिवसांतलं तुझं किती?” ऑक्टोबरात आयटीने नवं पोर्टल आणलं होतं, काही वेळ त्याने वाचला. तिचं स्वतःचं काम वेगळंच होतं, आणि ते तिने लिहिलंच नव्हतं. बिलं परत का जातात हे तिने मेमध्ये तपासलं. बहुतेक वेळा बिलावर पीओ नंबर नसायचा किंवा स्टोअर्सने माल मिळाल्याची जीआरएन नोंद केलेली नसायची. तिने विक्रेत्यांसाठी एक पानी नमुना बनवला आणि ती स्टोअर्सला रोज संध्याकाळी प्रलंबित जीआरएनची यादी पाठवायला लागली. पहिल्या तिमाहीत ४०० पैकी ७२ बिलं परत गेली होती, शेवटच्या तिमाहीत ४२० पैकी ३०. अठरा टक्क्यांवरून सात. हे वाक्य आम्ही सगळ्यात वर घेतलं. वेळेचा आकडा त्याखाली, ‘वादातली बिलं वगळून, पोर्टलच्या मदतीसह’ असं स्पष्ट लिहून.

शिकण्याच्या मुद्द्यांत तिने ‘वेळेचं नियोजन सुधारायचं आहे’ असं लिहिलं होतं. हे कुणालाही चालेल, म्हणून कुणाच्याच कामाचं नाही. या वर्षी खरंच काय अडलं, असं विचारल्यावर थोडा वेळ गप्प बसून तिने सांगितलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. ऑक्टोबरात अशा दोन बिलांची मुदत उलटली, कारण कोणता विक्रेता या वर्गातला, हे यादीत कुठे नोंदलेलंच नव्हतं.

“हे लिहिलं तर रेटिंग खाली येईल ना?”

ही भीती खोटी नाही. प्रत्येक कबुली उदारपणे वाचणारा साहेब मिळतोच असं नाही. म्हणून मी दोन गोष्टी पाहतो: ती चूक आधीच कार्यालयाच्या नोंदीत आहे का, आणि दुरुस्ती पूर्ण झाली आहे का. इथे दोन्ही होतं. व्याज हिशेबात दिसत होतं. तिने नोव्हेंबरपासून प्रत्येक विक्रेत्याचा उद्यम नोंदणी क्रमांक मागवला होता आणि दर सोमवारी ३० दिवस ओलांडलेली बिलं ती वेगळी काढत होती. डिसेंबरनंतर एकही बिल ४५ दिवसांपुढे गेलं नव्हतं. काय झालं, का झालं, काय बदललं आणि आता स्थिती काय, अशी चार वाक्यं तिने लिहिली. ‘मी दिलगीर आहे’ हे पाचवं मी खोडायला लावलं.

हे सगळं एका दुपारी जमलं, कारण तिची एक्सेल फाइल शाबूत होती. पण ते पान मेमध्ये कुणाला पाठवलं, स्टोअर्सने कधी होकार दिला, हे शोधायला जुने मेल चाळण्यातच निम्मा वेळ गेला. तुम्हालाही पुढच्या मार्चमध्ये हा फॉर्म भरायचा असेल, तर एप्रिलमध्येच सुरुवातीचा आकडा तो कसा मोजला यासह लिहून ठेवा, आणि काही बदललंत की त्याच दिवशी तारीख टाका.