कार, खार, गार, घार

कुजबुजताना कंठमण्यावर दोन बोटं टेकवून पाहावी. एरवी 'गार' म्हणताना तिथे जी थरथर लागते, ती पार नाहीशी झालेली असते. स्वरतंतू पुढून जवळ आलेले, मागे मात्र एक छोटी त्रिकोणी फट उरलेली, आणि फुप्फुसातली हवा त्या फटीतून घासत वर येते. मोठ्याने बोलताना पुरुषाच्या गळ्यात सेकंदाला शे-सव्वाशे आणि बाईच्या गळ्यात दोनशेच्या आसपास कंपनं होतात. कुजबुजीत त्यातलं एकही नसतं. असतो तो नुसता सुस्कारा, आणि त्यावर सगळं बोलणं उभं राहतं.

स्वर कळतात ते तोंडाच्या पोकळीमुळे. श्वासाच्याच आवाजात 'ई', मग 'ऊ', पुन्हा 'ई' असं म्हणून बघा. गळ्यात सूर नाही, तरी तो सुस्कारा चढतो आणि उतरतो. 'ई'ला जीभ पुढे वर येते, तिच्यापुढची पोकळी लहान होते आणि वरचे अनुनाद उठतात. 'ऊ'ला ओठ गोल होतात आणि सगळं खाली येतं. तोंड जसं कंपनांना घडवतं, तसंच या घर्षणालाही घडवतं. गळ्याची फट उघडी असल्याने खालचा अनुनाद थोडा वर सरकतो खरा, पण कानाला त्याची अडचण होत नाही.

खरी परीक्षा व्यंजनांची. कार, खार, गार, घार हे चार शब्द एकामागून एक कुजबुजून बघावे. चौघांतही जीभ मागे टाळूला टेकते. ती जागा लपत नाही, कारण जीभ सुटताना होणारा लहानसा स्फोट आणि त्यानंतर अनुनादांनी घेतलेलं वळण दोन्ही शाबूत असतं. म्हणून 'गार'चं 'बार' सहसा होत नाही. वर्णमालेच्या तक्त्यातले कवर्ग, चवर्ग असे आडवे वर्ग कुजबुजीत टिकतात. पातळ होतात त्या उभ्या ओळींमधल्या भिंती: क आणि ग, ख आणि घ. महाप्राणाचीही पंचाईत होते. 'ख'च्या मागून येणारी फुंकर एरवी स्वरापासून वेगळी उठून दिसते, इथे सगळा स्वरच फुंकरीचा असतो. तोंडासमोर तळहात धरला तर 'खार'चा झोत जास्त लागतो, पण ऐकणाऱ्याचा कान काही तळहात नव्हे.

तरीही 'ग' पुरता हरवत नाही. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. घोष जरी नसला तरी बोलणाऱ्याचं शरीर त्याची तयारी जुन्या सवयीने करतच असतं. 'क'साठी गळा सताड उघडतो, हवा जिभेमागे झपाट्याने साठते आणि स्फोट जोरकस होतो. 'ग'साठी फट अरुंदच राहते, दाब कमी चढतो, स्फोट मऊ होतो. शब्दाच्या मध्ये तर आणखी एक खूण मिळते. 'माती' आणि 'मादी' कुजबुजा. 'त'ला जीभ दाताशी जरा जास्त वेळ थांबते आणि आधीचा 'आ' आखूड होतो. 'द'ला थांबा छोटा, 'आ' लांब. फरक सेकंदाच्या काही शतांशांचा, पण कान तो पकडतो. शब्दाच्या सुरुवातीला ही सोय नाही. आधी शांतताच असते, मग जीभ किती वेळ थांबली ते मोजणार कशावरून? म्हणून चुका बहुतेक तिथेच होतात.

हौशी नाटकांना मी विंगेत प्रॉम्प्टिंगला बसत असे, तेव्हा हे फार जवळून ऐकलं. नटाला 'गार' दिला आणि त्याला 'कार' ऐकू आला, तर त्याचा चेहरा क्षणभर कोरा व्हायचा. अशा वेळी नवशिका प्रॉम्प्टर तोच शब्द अधिक जोर लावून सोडतो. उपयोग होत नाही. जोर लावल्याने सुस्कारा मोठा होतो, घोष परत येत नाही, आणि स्फोट जोरकस झाल्यामुळे 'ग' उलट 'क'कडेच झुकतो. जुनी मंडळी वेगळं करतात. ती शब्द एकटा देत नाहीत, आणि घाईने तर मुळीच देत नाहीत, कारण कुजबुजीत उरलेला अर्धा पुरावा काळाचा असतो आणि घाईत पहिला तोच पुसला जातो. ती 'चहा गार' असं सावकाश देतात. आता 'ग' दोन स्वरांमध्ये आला, त्याचा थांबा ऐकू येऊ लागला. शिवाय चहा कार होत नाही, हे नटाला ठाऊक असतंच.