गोटी दमते का?

दिवाळीच्या सुट्टीत गेवराईजवळच्या आमच्या गावी गेले होते. बोअरच्या कामातून उरलेला दोन मीटरचा पाइप पडवीत होता. तो करवतीने उभा चिरला, एका टोकाखाली सहा सें.मी. टेकण दिलं आणि वरून गोटी सोडली. घड्याळ म्हणजे पाव मीटर दोरीला बांधलेला दगड. त्याचा एक पूर्ण झोका एक सेकंदाचा. पाइपावर आडवे दोरे बांधायचे आणि गोटीची 'टिक' झोक्याशी जुळेपर्यंत ते सरकवत राहायचे.

शेजारची सातवीतली ताई मोजायला. तिची टोळी दुसऱ्या दिवशी कारखान्याला निघणार, म्हणून तिला घाई. आकडे आले 17, 67, 141. एकास चार, एकास नऊ यायला हवं. तिसऱ्या सेकंदाला 153 पाहिजे होते.

"गोटी दमली," ती म्हणाली. मी लगेच फ्रिक्शन म्हणाले. कॉन्व्हेंटची सवय! ('त्वरण' हा शब्द तिच्याकडूनच शिकले.) पण घर्षण सगळीकडे सारखं असेल तर त्वरण कमी होईल, प्रमाण मोडणार नाही.

तिनेच पाइपाच्या दोन्ही टोकांना दोरी ताणली. मधे बोटभर झोळ! म्हणजे वर उतार जास्त, खाली कमी. मधे विटांचे तुकडे सारले. आता आकडे 10, 42, 94. गोटी आधीपेक्षा हळू, पण प्रमाण जवळपास बरोबर.

गॅलिलिओनेही 1638 च्या पुस्तकात असाच उतार सांगितलाय. वेळ तो पाणी तोलून मोजायचा.

पहाटे ट्रॅक्टर आला. दगडाची दोरी ती सोबत घेऊन गेली.