भाषणाआधी जरा भिंतीकडे

चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनात सर्वांत दुर्लक्षित वस्तू कोणती असेल, तर ती म्हणजे चित्र. समई उजळते, हारांची पाकिटं फुटतात, माईक खरखरतो, आणि श्रोते चित्रांकडे पाठ करून मंचाकडे बघत बसतात. भाषणं संपली की चहा, आणि चहा संपला की घर. जाता जाता भिंतीला एक प्रदक्षिणा घातली जाते, तीही पायातली चप्पल शोधत.

वाशिम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला, तेव्हापासून आमच्याकडे प्रमुख पाहुण्यांचा तुटवडा उरला नाही. परिचय करून देणाऱ्यांचा मात्र आहे. माझा घसा खणखणीत असल्यामुळे ते काम बहुधा माझ्याकडे येतं. चित्रकाराच्या परिचयाचा एक ठरलेला साचा असतो : जन्म, गाव, पदविका, पारितोषिकं, 'असे हे आपल्या सर्वांचे लाडके'. यात नाव बदललं की तोच परिचय सहकारी बँकेच्या व्यवस्थापकालाही चालतो.

हा साचा आजचा नाही बरं का. आमचं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा हरिषेण, आणि त्याचा मंत्री वराहदेव. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या वराहदेवानं अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं करवून घेतलं. तिथे व्हरांड्याबाहेरच्या भिंतीवर, अगदी डाव्या टोकाला, संस्कृत पद्यात एक लेख कोरलेला आहे. त्यात आधी राजांची वंशावळ, मग मंत्र्यांचं घराणं, मग वराहदेवाचे गुण, आणि शेवटी लेण्याचं वर्णन. त्या वर्णनात सुंदर चित्रांचाही उल्लेख येतो. पण ती चित्रं काढली कुणी, त्याचं नाव नाही. म्हणजे प्रमुख पाहुण्यांचा सविस्तर परिचय आणि चित्रकार गायब, ही प्रथा आमच्याच गावच्या मंत्र्यानं दगडात कोरून ठेवली म्हणायची! एक गोष्ट मात्र त्या मंडळींनी शहाणपणाची केली. भाषण बाहेर ठेवलं, चित्रं आत.

गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांच्या जलरंगांचं प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात भरलं. आयुष्यभर गुरुजींनी गावाला 'सुस्वागतम्'चे फलक रंगवून दिले, मुलांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवलं, आणि स्वतःची चित्रं खाटेखालच्या ट्रंकेत ठेवली. गावाच्या लेखी ते 'बोर्डवाले गुरुजी'. सत्तरी उलटल्यावर पहिलं प्रदर्शन. या वेळीही लोक पाठ करून बसले असते, तर ट्रंक पुन्हा उघडली नसती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

मी सकाळीच गेलो. चित्रं शाळेतल्या खिळ्यांवर टांगलेली, म्हणजे थोर नेत्यांच्या तसबिरींच्या उंचीवर. तिथलं चित्र माणूस बघत नाही, नमस्कार करतो. ती सगळी खाली घेतली. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, डोळ्यांसमोर येईल असा. समोरासमोर खिडकी आणि काच आली की चित्राऐवजी आपलंच तोंड दिसतं, म्हणून दोन फ्रेमा हलवल्या. खुर्च्या पडद्यामागे ढकलल्या, कारण खुर्ची दिसली की आपला माणूस आधी बसतो आणि मग उठत नाही. चहावाल्याला सांगितलं, मी हात वर करीपर्यंत किटली आणायची नाही. पत्रिकेत वेळ पाचची होती. पाहुण्यांना सहाची दिली.

पाच वाजता पंचवीस-तीस माणसं जमली. एका चित्रासमोर दहा-बारांपेक्षा जास्त उभी राहिली, की मागच्यांना पुढच्यांची टक्कलं तेवढी दिसतात. म्हणून दोन टोळ्या केल्या. एक माझ्याकडे, एक गुरुजींच्या मुलीकडे. परिचय एवढाच दिला : "गुरुजी पारदर्शक जलरंगात काम करतात. या रंगात पांढरा रंग वापरत नाहीत. आता या चित्रातलं पांढरं काय आहे, ते शोधा."

चित्र होतं पावसानंतरच्या बाजारातल्या रस्त्याचं. कागद पंधरा बाय बावीस इंच. त्याचा कर्ण सुमारे सत्तावीस इंच; त्याच्या दुप्पट, म्हणजे साडेचार फुटांवर मी सगळ्यांना उभं केलं. तिथून रस्ता ओला दिसतो. मग म्हटलं, आता वीतभर अंतरावर या. तिथे ना रस्ता, ना पाणी. नुसता करडा रंग आणि मध्ये कोरा कागद.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचं, हे या कामातलं सर्वांत अवघड कलम. मनात तीस आकडे मोजले. विसाव्या आकड्याला घसा खाजायला लागला. तेवढ्यात मागून एक भाजीवाला, गुरुजींचा इंटरमीजिएट नापास विद्यार्थी, पुढे आला.

"अरे बाप्पा! हे तं पांढरं लावलंच नाही. कागदच सोडला हाय."

"मग नंतर वरून पांढरा लावला तर?" एका मॅडमनी शंका काढली.

शंका रास्त होती. मी त्यांना बाजूनं, तिरकं बघायला सांगितलं. वरून लावलेला पांढरा खडूसारखा निस्तेज, वर बसल्यासारखा दिसतो. सोडलेल्या कागदाचा पोत आजूबाजूच्या रंगाखालून सलग चालत राहतो. इथे सलग होता. म्हणजे पहिला हात मारण्याआधीच पाणी कुठे चमकणार, हे गुरुजींनी ठरवून ठेवलेलं. जलरंगात फिक्याकडून गडदाकडे जायचं असतं. एकदा झाकलेला उजेड पुरता परत मिळत नाही.

पुढच्या चित्रात आभाळात फुलकोबीसारखा एक डाग होता. अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याचा थेंब पडला, की तो रंगाला कडेला ढकलतो आणि असा डाग उठतो. भाजीवाल्यानं तोही ओळखला. कोबी त्याच्या धंद्यातला!

"गुरुजी, हे चुकलं ना?"

"चुकलंच," गुरुजी म्हणाले. "पण ढग बरा झाला, म्हणून राहू दिला."

यावर दोन गट पडले. काहींना ढग पटला, काहींना नाही. आवाज चढले. लोक मागे जाऊ लागले, पुढे येऊ लागले, मघाच्या चित्राकडे परत धावले. 'किती दिवस लागले?' आणि 'केवढ्याला?' हे प्रश्न कुणी विचारले नाहीत, तेव्हा मी समजलो की लोक बघताहेत.

याच गडबडीत पाहुणे आले. कुणी वळलंच नाही. ते बिचारे मागे उभे राहून टाचा उंचावत विचारू लागले, "काय आहे? काय आहे?" त्यांनाही पांढरं शोधायला लावलं. नंतर भाषणाला उभे राहिले तेव्हा खिशातले चार कागद त्यांनी खिशातच ठेवले आणि दहा मिनिटं त्या ओल्या रस्त्यावर बोलले. ढगाच्या बाबतीत ते गुरुजींच्या विरुद्ध पक्षात निघाले. गुरुजी इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. हारानं नाही, भांडणानं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. पाहुण्यांचा फोटो, त्यांच्या खांद्यामागून डोकावणारा फ्रेमचा एक कोपरा, आणि मजकुरात चित्रकाराचं नाव नाही. वराहदेवाची परंपरा अखंड चालू आहे. पण परवा पावसात बाजारात गेलो, तर तो भाजीवाला गाडी सोडून रस्त्याच्या मधोमध उभा. गिऱ्हाईक ओरडतंय, आणि हा मला बोटानं दाखवतोय,

"पाहा जी, इथं कागद सोडावा लागंल."