डिपॉझिटचा हिशेब

वडोदऱ्यातल्या आमच्या वरच्या मजल्यावर तीन वर्षं राहून भाडेकरू मुलगा गेला. त्याने ३०,००० रुपयांचं डिपॉझिट परत मागितलं. मी उत्तर लिहिलं: रंगकाम १२,०००, फुटलेलं बेसिन २,४००, बाकी १५,६०० परत.

सौ.ने कागद वाचला. म्हणाली, "अहो, खाली आपल्याही भिंतींचा रंग उडालाय. तो कोणाकडून वसूल करणार?"

जन्मभर बँकेत घसारा मोजला आणि घरात विसरलो! रंग वापराने जुना होतोच, ती झीज भाड्यातच आली. बेसिन मात्र त्याच्या हातून फुटलं होतं. नवं पत्र लिहिलं: वजा फक्त २,४००, सोबत बिलाची प्रत आणि २७,६०० चा चेक.

पहिलं पत्र पोस्टात टाकलं नव्हतं, हे नशीब.